तीन वर्षांच्या कामाचं उत्पन्न दर मार्चला थोडं थोडं का आणि कसं दाखवायचं: कॉन्ट्रॅक्टरकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली बरीच वर्षं सिव्हिल कॉन्ट्रॅक्टरच्या वह्या बघतो, पूल, रस्ते, शाळेच्या इमारती, पाण्याच्या टाक्या अशी कामं करणारी माणसं. दर मार्च-एप्रिलला तेच प्रश्न फोनवर येतात म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय म्हणजे आकडे डोक्यात राहतील: नदीवरचा एक पूल, टेंडरची किंमत १२ कोटी (जीएसटी सोडून), स्वतःचा खर्चाचा अंदाज १० कोटी, मुदत अडीच वर्षं, पण काम तीन आर्थिक वर्षांत पसरलेलं. आकडे समजावण्यासाठी गोल केलेत.

पूल अजून ताब्यात दिलेला नाही, मग उत्पन्न आत्ताच कसं काय दाखवायचं?

कारण पूल तुम्ही तुमच्या गोडाऊनमध्ये बनवून नंतर विकत नाही आहात. जमीन सरकारची, नदी सरकारची, त्यावर तुम्ही उभा केलेला प्रत्येक पिअर उभा राहिला त्या दिवसापासून सरकारचाच आहे, तो उचलून तुम्ही दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. म्हणजे तुमची "विक्री" शेवटच्या दिवशी एकदम होत नाही, रोज थोडी थोडी होतेय. एएस ७ हे बांधकाम कॉन्ट्रॅक्टचं स्टँडर्ड हेच सांगतं की जेवढं काम झालं तेवढं उत्पन्न त्या वर्षात घ्या, आणि ज्या कंपन्यांना इंड एएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय धर्तीवरची अकाउंटिंग स्टँडर्ड्स, लागू आहेत त्यांना १ एप्रिल २०१८ पासून इंड एएस ११५ आहे, त्यातही ग्राहकाच्या ताब्यातल्या मालमत्तेवर काम करत असाल तर उत्पन्न कामाबरोबर वाढत जातं असंच आहे.

आणि तसं नाही केलं तर काय होतं ते बघा. पहिली दोन वर्षं नफा शून्य, तिसऱ्या वर्षी एकदम सगळा नफा. बँकेचा मॅनेजर दोन वर्षं म्हणणार धंदा बसलाय, तिसऱ्या वर्षी म्हणणार चमत्कार झाला, आणि दोन्ही खोटं, कारण माणसं आणि मशिनरी तिन्ही वर्षं सारखीच राबत होती.

मग टक्केवारी काढायची कशी?

आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरतात ती खर्चावरून काढायची पद्धत. आजपर्यंत झालेला खर्च भागिले कामाचा एकूण अंदाजे खर्च, एवढंच.

```
पूर्णत्वाचे टक्के = आजपर्यंतचा खर्च ÷ (आजपर्यंतचा खर्च + अजून लागणारा खर्च) × 100
```

कंसातला आकडा मुद्दाम दोन तुकड्यांत लिहिला आहे. बरेच जण तिथे टेंडर भरताना काढलेला जुना आकडा टाकून मोकळे होतात आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

आपल्या पुलाचं पहिलं वर्ष बघू. ३१ मार्चला खात्यात ३ कोटी ४० लाख खर्च पडलेला दिसतो. पण त्यातलं ४० लाखांचं स्टील साइटवर तसंच पडून आहे, कापलेलं नाही, वाकवलेलं नाही. ते वजा केलं की कामात लागलेला खर्च ३ कोटी. एकूण अंदाज १० कोटी, म्हणजे काम ३० टक्के. १२ कोटीचे ३० टक्के ३ कोटी ६० लाख, हे झालं वर्षाचं उत्पन्न. खर्च ३ कोटी, नफा ६० लाख.

साइटवर पडलेलं स्टील वजा का करायचं? पैसे तर मी देऊन बसलोय ना!

पैसे दिले हे खरं, पण काम झालं नाही. त्या ४० लाखांना जर खर्चात धरलं तर काम ३४ टक्के दिसेल आणि नफा ६८ लाख दिसेल, म्हणजे नुसता ट्रक रिकामा केला म्हणून ८ लाख नफा! एखाद्याला नफा वाढवून दाखवायचा असेल तर ३० मार्चला दोन ट्रक स्टील जास्त मागवलं की झालं. म्हणून एएस ७ मध्ये स्पष्ट आहे की साइटवर आलेलं पण न वापरलेलं मटेरियल टक्केवारीच्या हिशोबात धरायचं नाही, फक्त त्याच कामासाठी खास बनवून घेतलेलं असेल तर वेगळी गोष्ट. सबकॉन्ट्रॅक्टरला दिलेल्या अ‍ॅडव्हान्सचंही तेच, त्याने काम केल्याशिवाय तो अ‍ॅडव्हान्स म्हणजे तुमचं काम नव्हे. ते ४० लाखांचं स्टील बॅलन्स शीटला स्टॉक म्हणून जाईल.

एका पुलाच्या साइटवर मी स्वतः ३१ मार्चला उभा होतो. स्टोअरकीपरच्या रजिस्टरला स्टील "इश्यू" झालेलं, पुस्तकात शिल्लक जवळपास नाही. बाहेर येऊन बघतो तर बॅचिंग प्लांटच्या मागे निळ्या ताडपत्रीखाली बंडलच्या बंडल, टॅगसकट, तारसुद्धा सोडलेली नाही. साइट इंजिनियरने सांगितलं की गर्डरसाठी काढून ठेवलंय, मे महिन्यात लागेल. स्टोअरमधून बाहेर काढलं म्हणजे इश्यू, असा त्यांचा समज होता आणि त्यात त्यांची चूकही नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की ३१ मार्चला ताडपत्री उचलून बघा, फोटो काढा, बंडलचे टॅग मोजा आणि मगच आकडा द्या.

एवढं करण्यापेक्षा जेवढी आरए बिलं, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने लावायची बिलं, केली तेवढंच उत्पन्न धरलं तर? एमबी, म्हणजे मोजमापाची वही, तर इंजिनियरनेच लिहिलेली असते.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचं म्हणणं वरवर बरोबरही वाटतं. पण बिल आणि काम हे दोन वेगळ्या घड्याळांवर चालतात. शेवटचं मोजमाप फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झालं, त्यानंतर दीड महिना काम चालू, ते कुठेच नाही. किंवा डेप्युटी इंजिनियरची बदली झाली म्हणून रेकॉर्डिंग राहिलं. आपल्या पुलात पहिल्या वर्षी आरए बिलं झाली २ कोटी ८० लाखांची, काम झालं ३ कोटी ६० लाखांचं. मधले ८० लाख हे अनबिल्ड रेव्हेन्यू, ते नावे टाकून कॉन्ट्रॅक्ट उत्पन्न जमा करायचं आणि पुढच्या वर्षी बिल झालं की ते तिथून उतरवायचं.

उलटंही होतं. बरेच जण टेंडर भरताना सुरुवातीच्या आयटमचे दर चढे लावतात, खोदाई, पाया, म्हणजे हातात पैसा लवकर येतो. तिथे बिल कामाच्या पुढे पळतं आणि बिलावरून उत्पन्न धरलं तर पहिल्या वर्षी फुगीर नफा आणि डेक स्लॅबच्या वेळी तोटा. अशा वेळी जादा झालेलं बिल हे देणं म्हणून दाखवायचं, ते काम अजून तुम्हाला करून द्यायचंय.

मोजमापावरून टक्केवारी काढायला बंदी नाही बरं का, प्रत्यक्ष झालेल्या कामाचा सर्व्हे हीसुद्धा मान्य पद्धत आहे. पण मग ३१ मार्चपर्यंतचं पूर्ण मोजमाप लागतं, जेवढं बिलात आलं तेवढं नाही. आणि एका कामाला एक पद्धत धरली की शेवटपर्यंत तीच, एक वर्ष खर्चावरून आणि एक वर्ष मोजमापावरून असं चालत नाही.

दुसऱ्या वर्षी खर्च वाढला. आधीच्या वर्षाचा नफा परत दुरुस्त करायचा का?

मागच्या वर्षाच्या वह्या उघडायच्या नाहीत. नवीन अंदाज घेऊन आजपर्यंतचा एकूण हिशोब काढायचा आणि त्यातून आधी दाखवलेलं वजा करायचं, जो फरक येईल तो या वर्षाचा. सगळा सुधारणेचा भार चालू वर्षावर पडतो.

आपला पूल. दुसऱ्या वर्षी दोन पिअरच्या पायात अपेक्षेपेक्षा कठीण खडक लागला, ब्रेकर लावावे लागले, वर डिझेल आणि स्टील महागलं. इंजिनियरबरोबर बसून नवीन अंदाज काढला, १० कोटीचे ११ कोटी झाले. ३१ मार्चपर्यंत कामात लागलेला एकूण खर्च ६ कोटी ६० लाख, म्हणजे ६० टक्के. एकूण उत्पन्न १२ कोटीचे ६० टक्के, ७ कोटी २० लाख, त्यातले ३ कोटी ६० लाख मागच्या वर्षी घेतले, या वर्षी राहिले ३ कोटी ६० लाख. या वर्षाचा खर्च ६ कोटी ६० लाख वजा ३ कोटी, तोही ३ कोटी ६० लाख. नफा शून्य.

मालकाला हे पचत नाही. वर्षभर राबलो आणि शून्य? पण बघा, पूर्ण कामाचा नफा आता १ कोटीच राहिलाय, त्याचे ६० टक्के म्हणजे ६० लाख, आणि ते ६० लाख पहिल्या वर्षीच दाखवून झालेत. शून्य हेच खरं आहे. तिसऱ्या वर्षी उरलेलं उत्पन्न ४ कोटी ८० लाख, खर्च ४ कोटी ४० लाख, नफा ४० लाख, आणि तिन्ही मिळून बरोबर १ कोटी.

आता अंदाज बदललाच नाही, जुने १० कोटीच धरले तर काय दिसलं असतं? ६६ टक्के काम, एकूण उत्पन्न ७ कोटी ९२ लाख, दुसऱ्या वर्षी ७२ लाख नफा! सगळे खूश. आणि तिसऱ्या वर्षी ३२ लाखांचा तोटा, पूल पूर्ण होताना, जेव्हा बँक नवीन लिमिटसाठी कागद मागत असते. मी एका कॉन्ट्रॅक्टरकडे अगदी हेच बघितलंय, टेंडरच्या दिवशीचा अंदाज दोन मार्च तसाच चालवला गेला, त्या नफ्यावर सीसी लिमिट वाढवून घेतली, त्या लिमिटवर दुसरं काम घेतलं, आणि तिसऱ्या वर्षी तोटा दिसला तोपर्यंत पैसा दुसऱ्या साइटवर अडकलेला. वह्यांत कुणी खोटी नोंद केली नव्हती. फक्त "अजून किती लागेल" हा प्रश्न कुणी इंजिनियरला विचारलाच नव्हता.

पूर्ण कामातच तोटा होणार असं दिसलं तर तो पण टक्केवारीने घ्यायचा?

नाही. नफा टक्केवारीने, पण तोटा दिसला त्या वर्षी पूर्ण. समजा दुसऱ्या वर्षी अंदाज ११ नाही तर १३ कोटी २० लाखांवर गेला, म्हणजे पूर्ण कामात १ कोटी २० लाख तोटा. खर्च ६ कोटी ६० लाख म्हणजे काम ५० टक्के, एकूण उत्पन्न ६ कोटी, या वर्षाचं २ कोटी ४० लाख, खर्च ३ कोटी ६० लाख, इथेच १ कोटी २० लाख तोटा झाला. पण आजपर्यंतचा एकूण तोटा यात ६० लाखच बसतो, उरलेल्या ६० लाखांची प्रोव्हिजन, म्हणजे पुढे होणाऱ्या तोट्याची तरतूद, आत्ताच करायची. एकूण फटका १ कोटी ८० लाख, कारण मागच्या वर्षी दाखवलेला ६० लाख नफा पण पुसायचाय.

मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स मिळाला तो उत्पन्नात येतो का?

नाही, ते देणं आहे. पुढच्या आरए बिलांतून कापून घेतला जातो, तसतसं देणं कमी होतं. टक्केवारीशी त्याचा काही संबंध नाही.

बिलातून कापून ठेवलेले रिटेन्शनचे पैसे तर डिफेक्ट लायबिलिटी, म्हणजे दोष दुरुस्त करून द्यायची मुदत, संपल्यावर मिळणार, ते तरी आत्ता सोडायचे ना?

वह्यांमध्ये नाही सोडता येत, कारण उत्पन्न कामावरून ठरतं, पैसे कधी येतात त्यावरून नाही. २ कोटी ८० लाखांच्या बिलातून ५ टक्क्यांनी १४ लाख कापले तर ते १४ लाख येणं म्हणून उभे राहतात, उत्पन्न पूर्ण ३ कोटी ६० लाखच.

इन्कम टॅक्समध्ये इथे मोठा वाद झाला होता. पूर्वी कोर्टाचे बरेच निकाल असे होते की अट पूर्ण होईपर्यंत रिटेन्शनचा हक्कच तयार होत नाही, म्हणून टॅक्स नंतर. मग आयसीडीएस ३, म्हणजे इन्कम टॅक्सच्या हिशोबासाठीचं बांधकाम कॉन्ट्रॅक्टचं स्टँडर्ड, आलं आणि त्याने रिटेन्शन उत्पन्नात धरा म्हटलं, २०१७ मध्ये दिल्ली हायकोर्टाने चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सच्या केसमध्ये त्यातला तो भाग रद्द केला, आणि त्यावर २०१८ च्या फायनान्स अ‍ॅक्टने १९६१ च्या कायद्यात थेट कलम ४३सीबी घातलं, तेही मागच्या तारखेपासून. त्यात स्पष्ट लिहिलंय की कॉन्ट्रॅक्टच्या उत्पन्नात रिटेन्शन मनी धरायचं. त्यामुळे जुन्या निकालांच्या भरवशावर कुणी सल्ला देत असेल तर आधी हे कलम वाचायला सांगा.

काम फेब्रुवारीतच सुरू झालं, अजून खोदाईच चालू आहे. अंदाजच नक्की नाही, मग नफा कसा काढू?

नका काढू. शेवट कसा होईल हे भरवशाने सांगता येत नसेल तर जेवढा खर्च वसूल होण्यासारखा आहे तेवढंच उत्पन्न घ्या, म्हणजे ७० लाख खर्च तर ७० लाख उत्पन्न, नफा शून्य. पुलाच्या कामात पाया लागेपर्यंत मला हेच योग्य वाटतं, जमिनीखाली काय आहे ते ट्रायल बोअरवरून पूर्ण कळत नाही. पण ही सवलत कायमची नाही. इन्कम टॅक्ससाठी आयसीडीएस ३ ने मर्यादा घातलीय, काम २५ टक्क्यांच्या पुढे गेलं की "अजून सुरुवातच आहे" हे कारण चालत नाही.

खडक लागला त्याचा ३५ लाखांचा क्लेम टाकलाय, तो १२ कोटीत मिळवू का?

क्लेम टाकला म्हणजे मंजूर झाला नाही. समोरच्याशी बोलणी शेवटच्या टप्प्यात असतील, तो मान्य करेल अशी दाट शक्यता असेल आणि रक्कम नीट सांगता येत असेल, तरच घ्यायचा. नुसतं पत्र देऊन आवक क्रमांक घेतलाय, वर कुणी उत्तर दिलेलं नाही, अशा क्लेमवर उत्पन्न उभं करू नका. मात्र तोच खडक फोडायचा खर्च लगेच अंदाजात घ्यायचा, तो काही मंजुरीसाठी थांबत नाही. हे एकतर्फी वाटतं आणि थोडं आहेच तसं, पण गेल्या दहा वर्षांत मी जे क्लेम बघितले त्यातले पूर्ण रकमेला मंजूर झालेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

भाववाढीचं वेगळं. टेंडरमध्येच सिमेंट-स्टीलच्या दरातला फरक द्यायचं कलम आणि त्याचं सूत्र असेल तर तो तुमचा करारातला हक्क आहे, तो सूत्राप्रमाणे काढून किमतीत धरता येतो.

इन्कम टॅक्सचा हिशोब वह्यांसारखाच राहतो का?

बराचसा. ४३सीबी आणि आयसीडीएस ३ दोन्ही टक्केवारीचीच पद्धत सांगतात, काम संपल्यावर एकदम टॅक्स भरतो हा पर्याय बांधकाम कॉन्ट्रॅक्टला राहिलेला नाही. मोठा फरक तोट्यात आहे. वर १ कोटी २० लाखांच्या तोट्याचं उदाहरण घेतलं त्यात वह्यांमध्ये प्रोव्हिजन केलेले शेवटचे ६० लाख टॅक्सला त्या वर्षी मिळणार नाहीत, काम जसं पुढे सरकेल तसे मिळतील. हा फरक टॅक्स ऑडिट रिपोर्टमध्ये दाखवायचा असतो.

आणि एक प्रामाणिक अडचण सांगतो, तिच्यावर या पद्धतीत उत्तर नाही. पहिल्या वर्षी आपल्या पुलात हातात आले जास्तीत जास्त २ कोटी ८० लाख, तेही कापाकापी होऊन, खिशातून गेले ३ कोटी ४० लाख, आणि टॅक्स लागला ६० लाख नफ्यावर, फर्म असेल तर ३० टक्क्यांनी १८ लाख आणि वर सेस. पैसा आला नाही आणि टॅक्स भरायचा. म्हणून डिसेंबरमध्येच टक्केवारीचा कच्चा हिशोब करून अ‍ॅडव्हान्स टॅक्सचे पैसे बाजूला ठेवावे लागतात, मार्चच्या बिलाच्या भरवशावर राहिलं की हमखास गोत्यात येतो माणूस.

टीडीएस दाखवणाऱ्या २६एएस मध्ये २ कोटी ८० लाख, जीएसटी रिटर्नमध्ये तेवढेच, आणि वहीत ३ कोटी ६० लाख. नोटीस येणार नाही का?

येऊ शकते, पण उत्तर तयार असेल तर काही होत नाही. टीडीएस कापतात बिलावर, जीएसटी लागतो बिलावर किंवा अ‍ॅडव्हान्स मिळाल्यावर, त्यामुळे हे तीन आकडे जुळणं हाच योगायोग. जीएसटी आणि वह्यांचे आकडे जुळवायच्या जीएसटीआर-९सी मध्ये तर अनबिल्ड रेव्हेन्यूसाठी वेगळी ओळच आहे. दर कामाचा एक कागद ठेवा, त्यावर वहीतलं उत्पन्न, बिलं, सुरुवातीचं आणि शेवटचं अनबिल्ड, मिळालेला अ‍ॅडव्हान्स. एवढ्यावर भागतं.

मी फ्लॅट बांधून विकतो, मला पण हेच लागू?

सरळ नाही. तुम्ही दुसऱ्याच्या जमिनीवर काम करत नाही, स्वतःचं बांधून विकताय. एएस वापरणाऱ्या बिल्डरसाठी सीएंच्या इन्स्टिट्यूटची २०१२ ची गाइडन्स नोट आहे. तिच्याप्रमाणे टक्केवारीने उत्पन्न सुरू करायला मंजुऱ्या हातात हव्यात, जमीन सोडून बांधकामाचा २५ टक्के खर्च झालेला हवा, विकण्याजोग्या एरियापैकी २५ टक्क्यांचे करार हवेत आणि त्या करारांचे किमान १० टक्के पैसे आलेले हवेत. इंड एएस ११५ वाल्या कंपन्यांना बघावं लागतं की ग्राहकाने मध्येच सोडलं तर झालेल्या कामाचे पैसे मागायचा कायदेशीर हक्क करारात आहे का, आणि २०१८ नंतर त्यामुळेच बऱ्याच बिल्डर कंपन्या ताबा देताना उत्पन्न दाखवायला लागल्या. रेराच्या ७० टक्के खात्यातून पैसे काढायला इंजिनियर, आर्किटेक्ट आणि सीए जी टक्केवारी देतात ती पैसे काढण्यापुरती आहे, तीच उचलून उत्पन्नाला लावू नका.

एवढे नियम आहेत तर मोठ्या कंपन्या यात कशा बुडतात?

नियम त्यांनाही तेच होते. ब्रिटनमधली कॅरिलियन घ्या, हॉस्पिटलं आणि रस्ते बांधणारी प्रचंड मोठी कंपनी. जुलै २०१७ मध्ये त्यांनी एकदम सांगितलं की कॉन्ट्रॅक्टच्या वहीत दाखवलेल्या किमतीतून ८४ कोटी ५० लाख पाउंड कमी करावे लागतायत, आणि १५ जानेवारी २०१८ ला कंपनी लिक्विडेशनमध्ये. जपानच्या तोशिबाच्या २०१५ च्या चौकशीतही एक मोठा भाग हाच होता, इन्फ्रास्ट्रक्चरच्या कामांचा एकूण खर्च कमी धरलेला आणि दिसत असलेला तोटा वेळेवर न घेतलेला. दोन्हीकडे मुद्दा फिरून तिथेच येतो, उरलेल्या खर्चाचा अंदाज. तो कमी धरला की टक्केवारी पण वाढते आणि नफ्याचं मार्जिन पण वाढतं, दोन्ही बाजूंनी फायदा दिसतो, म्हणून मोह फार असतो.

मग माझ्या वहीत असं काही होतंय का, हे कसं ओळखू?

मी तीन गोष्टी बघतो. पहिली, अनबिल्ड रेव्हेन्यूचं वय. मार्चचे ८० लाख जून-जुलैच्या बिलात उतरायला हवेत, पुढच्या मार्चला तेच ८० लाख बसलेले दिसले तर ते काम नव्हतंच किंवा इंजिनियर ते मानत नाही. दुसरी, खर्चाची टक्केवारी आणि डोळ्याने दिसणारं काम. पुलाचे सहा पिअर, त्यातले चार उभे, डेकचं नाव नाही, आणि वही म्हणते ७५ टक्के, तर काहीतरी चुकलंय. बऱ्याचदा तिथे तोडून परत केलेल्या कामाचा खर्च सापडतो. एक पिअर कॅप क्यूब टेस्टला नापास झाली, तोडली, परत ओतली, तर दोनदा ओतण्याचा खर्च म्हणजे दोन पिअर कॅप नव्हेत, तो वाया गेलेला खर्च टक्केवारीतून बाहेर काढून सरळ नफा-तोट्याला न्यायचा.

तिसरी गोष्ट म्हणजे अंदाजाचा कागदच. दर मार्चला साइट इंजिनियरने सही केलेला आयटमवार कागद हवा, किती क्युबिक मीटर काँक्रीट राहिलं, किती टन स्टील, आजचा दर काय, किती महिने, सेंटरिंग आणि क्रेनचं भाडं किती. मागच्या वर्षाचा कागद शेजारी ठेवायचा. तीन वर्षं एकूण आकडा रुपयानेही हलला नसेल तर कुणी बघितलेलं नाही हे नक्की.

हँडओव्हर झालं, शेवटचं बिल पण गेलं. आता खातं बंद करू ना?

थांबा. डिफेक्ट लायबिलिटीमध्ये एक्स्पान्शन जॉइंट बदलावा लागेल, अ‍ॅप्रोचला खड्डा पडेल, तो भरायला तुम्हालाच जायचंय. तो अंदाजे खर्च पहिल्या दिवसापासून एकूण खर्चात धरलेला असायला हवा. आपल्या पुलाच्या ११ कोटींत त्यासाठी १२ लाख आहेत, तिसऱ्या वर्षीच्या ४ कोटी ४० लाखांत ते येतात पण खर्च झालेले नाहीत, म्हणून हँडओव्हरच्या मार्चला १२ लाखांची प्रोव्हिजन ठेवायची. पुढच्या दोन पावसाळ्यांत जो खर्च होईल तो तिच्यातून वजा करत जायचा, आणि रिटेन्शन परत मिळालं, मुदत संपली, की जे उरेल ते त्या वर्षीच्या उत्पन्नात घेऊन मग खातं बंद करायचं.